'ऱ्हास' की 'ह्रास'? उद्या फ्लेक्स छापायचाय, आधी ह आहे का र

नान्नजवाट
मंडळी, एक अर्जंट प्रश्न आहे. मुलाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, त्याचा विषय नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक आणि आपल्याकडची कमी होत चाललेली गवताची कुरणं. बोर्डाचं शीर्षक ठरलं 'माळरानाचा ऱ्हास'. फ्लेक्सवाल्याकडून प्रूफ आलं त्यात 'ह्रास' छापलंय. बाईंनी ते पेनानं गोल करून वर 'ऱ्हास' लिहून दिलं. घरी आलो तर आमचे वडील, संस्कृत घेऊन शिकलेले, ते म्हणतात फ्लेक्सवाला बरोबर आहे, मूळ शब्द ह्रासच आहे, बाईंना सांग. आता बाई एकीकडे, आजोबा एकीकडे आणि पोरगं मध्ये. नक्की ह आधी का र आधी? आणि र आधी असेल तर तो वर रफार का देत नाहीत, ही अशी आडवी वेलांटीसारखी खूण का? उद्या दुपारपर्यंत सांगायचंय दुकानात.

खराखुरा_पंढरी
सरळ आहे ओ. आपण बोलतो ऱ्हास, मग लिहायचं ऱ्हास. ह्रास हे हिंदी आहे, टीव्हीवरनं आलेलं. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, विषय संपला.

पूर्वभाग_वाचक
संपला नाही पंढरीसाहेब. आमच्या घरी तेलुगू बोलतात, माझी आजी तेलुगू शाळेत शिकलेली, तिच्या बालबोध पुस्तकात अ इ उ ला ह्रस्व अक्षरं म्हणायचे, ह आधी मग र. शेजारच्या कन्नड घरात पण ह्रस्वच. म्हणजे हे हिंदीवरनं आलेलं नाही, सगळीकडे ह आधी आहे, एकट्या मराठीतच उलटं झालंय. मग चूक कोणाची म्हणायची?

खराखुरा_पंढरी
आमची नाही एवढं नक्की.

हृताची_आई
बरं झालं हा धागा निघाला. माझ्या मुलीचं नाव हृता आहे. जन्मदाखल्यावर ह्रता लिहून आलं, नंतर दुसऱ्या एका कागदावर ह्रुता, आता तिसरीकडे रुता. तीन कागद तीन नावं. दुरुस्तीला गेले तर काउंटरवरचे म्हणाले सगळं एकच आहे, वाचता येतंय ना. हे पण ह आणि र चंच आहे ना, मग बरोबर कुठलं? ऱ्हुता लिहायचं का?

जुना_फळा
मी मराठी आणि संस्कृत दोन्ही शिकवलंय, आता निवृत्त आहे. नान्नजवाट, तुमचे वडील आणि बाई दोघंही बरोबर आहेत, ते दोन वेगळ्या भाषांबद्दल बोलतायत एवढंच. संस्कृतात ह्रास, मराठीत ऱ्हास. मराठी बोर्डावर बाईंचं ठेवा. घाई असेल तर इथपर्यंत वाचून दुकानात जा, बाकीचं निवांत वाचा.

पंढरीसाहेब, ह्रास हिंदी नाही. हिंदीनं संस्कृतातला शब्द आहे तसा ठेवला, तेलुगू-कन्नडनं पण ठेवला, आपण फिरवला. संस्कृतात ह आधी होता याचा एक चांगला पुरावा पाणिनीच्याच सूत्रात आहे. स्वर किती लांब म्हणायचा ते सांगणारं सूत्र आहे, 'ऊकालोऽज्झ्रस्वदीर्घप्लुतः'. त्यातला मधला तुकडा नीट बघा, 'अज्झ्रस्व'. हे अच् आणि ह्रस्व जोडून झालंय. च् चा ज् झाला आणि त्या ज् ला लागून जो ह होता त्याचा झ झाला, जसं उत् आणि हार मिळून उद्धार होतो, तिथं ह चा ध होतो तसं. म्हणजे च् ला चिकटून ह च होता. तिथं र आधी असता तर झ यायचं काही कारणच नव्हतं, 'अज्र' असं काहीतरी दिसलं असतं. आजोबांना हे दाखवा, खूश होतील.

हृताच्या आई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर नंतर लिहितो.

पूर्वभाग_वाचक
सर हे झ चं मला माहीत नव्हतं, भारी आहे. पण मग मराठीनं फिरवलं का? आळस का?

जुना_फळा
आळस नाही. मराठी माणसाच्या तोंडाला शब्दाच्या सुरुवातीला कुठली जोडी सवयीची आहे ते बघा की. म्हातारा, म्हैस, न्हाणं, न्हावी, ल्हान, व्हय, व्हता. सगळीकडे ह मागे, आणि खरं तर तो मागेही नाही, म आणि ह एकाच दमात बाहेर पडतात. हाताचा तळवा तोंडासमोर धरा आणि 'रास' म्हणा, मग 'ऱ्हास' म्हणा. दुसऱ्या वेळी र सोबतच वाफ हाताला लागते, र संपून मग ह असं होत नाही. ही मराठीची स्वतःची ध्वनिव्यवस्था आहे. संस्कृतातली ह आधी असलेली जोडी आली की मराठी तिला या साच्यात बसवते, आणि हे एकट्या ऱ्हासाचं नाही. प्रह्लादचा प्रल्हाद झाला, आह्लादचा आल्हाद, जिह्वाची जिव्हा, विह्वलचं विव्हल, चिह्नचं चिन्ह. ही सगळी रूपं आपण बिनधास्त लिहितो, कोणी चूक धरत नाही. ह्रास, ह्रस्व त्याच रांगेतले, म्हणून ऱ्हास, ऱ्हस्व.

खराखुरा_पंढरी
म्हणजे मी म्हणत होतो तेच. बोलतो तसं लिहायचं. मग ब्रम्ह, ब्राम्हण, ब्रम्हदेव असंच लिहायला पाहिजे, पेपरवाले उगाच ब्रह्म लिहितात.

जुना_फळा
इथं मात्र थांबा. उच्चार आपण ब्रम्हच करतो हे खरं, पण प्रमाण लेखनात ब्रह्म आणि ब्राह्मण ठेवलंय, ह आधी. संस्कृतातनं जशाचे तसे घेतलेले शब्द मुळाप्रमाणे लिहायचे हे धोरण आहे, आणि काही शब्द वापरानं त्यातनं सुटले. चिन्ह सुटलं, ब्रह्म नाही सुटलं. म्हणून 'बोलतो तसं लिहायचं' एवढ्यावर मराठी चालत नाही, शब्दाशब्दाचा रिवाज बघावा लागतो. ऱ्हस्वाचा रिवाज पक्का आहे कारण आपले शुद्धलेखनाचे नियमच त्या शब्दावर उभे आहेत. 1962 चे साहित्य महामंडळाचे नियम घ्या, ऱ्हस्व-दीर्घ, ऱ्हस्व-दीर्घ हेच चाललंय त्यात. जुन्या छापील पुस्तकांत ह्रस्व, ह्रास दिसतं, ते त्या काळच्या संस्कृताच्या सवयीनं.

खराखुरा_पंढरी
मला पटत नाही. एकाला सूट द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला नियम. पण असो.

किल्ली_आणि_कागद
मी टाइपसेटिंगचं काम करतो, पत्रिका, फ्लेक्स, हँडबिल. फ्लेक्सवाल्याची बाजू सांगतो. बऱ्याच दुकानात 'ह्रास' हे काही संस्कृत म्हणून येत नाही ओ, ते येतं कारण किबोर्डवर ते सोपं आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ह साठी u, हलन्त d, र साठी j. u d j मारलं की ह्र. ऱ्ह ला मात्र साधा j नाही चालत, शिफ्ट धरून J मारायचं म्हणजे ऱ येतो, मग d मग u. ज्याला शिफ्टचं माहीत नाही तो j d u मारतो, आणि मग र उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो, र्हास. ते बघितलं की त्याला पण विचित्र वाटतं, मग तो उलटं करून ह्रास करून टाकतो, गिऱ्हाईक काही बोलत नाही.

लग्नाच्या पत्रिकेत तर लई वेळा बघितलंय, 'वह्राडी मंडळी'. ते मात्र मी कधीच सोडत नाही, फोन करून बदलून घेतो.

जुना_फळा
वह्राडी तर कुठल्याच भाषेत बरोबर नाही. तिथं संस्कृत-मराठी वाद पण नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, गऱ्हाणं, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, यात ह कधीच पुढे नव्हता. कऱ्हाडचं जुनं नाव करहाटक, र आधी ह नंतर, मधला अ गळाला. तऱ्हा अरबी-फारसीतल्या तरह वरनं, तिथंही र आधी. हे शब्द ह्र नं लिहिणं म्हणजे सरळ चूक.

नान्नजवाट
फ्लेक्सवाल्याला फोन केला, बदलतो म्हणालाय. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच की. र आधी आहे तर रफार का नको? 'र्हास'. कर्म, धर्म मध्ये पण र आधीच असतो ना, मग तिथं वर आणि इथं आडवा का?

गझलवेडा_सोलापूर
हे मी सांगतो, कारण वृत्तात लिहिताना रोज नडतं. रफार जो असतो तो मागच्या अक्षरावर जाऊन आदळतो. 'अर्हता' म्हणून बघा, अर् वर थांबताय, मग हता. म्हणून तिथं अ गुरू मोजायचा, गालगा. आता 'वऱ्हाड' म्हणा. व वर थांबलात का? नाही. व पटकन गेला, र आणि ह दोन्ही पुढच्या आ ला जाऊन चिकटले. म्हणून व लघूच, लगाल. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, तेच प्रकरण. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. लिहिणाऱ्यानं रफार दिला की वाचणारा थांबणारच.

आता ऱ्हास. त्याच्या मागे अक्षरच नाही. रफार आदळणार कोणावर? शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर रफार असलेला शब्द कुणी म्हणून दाखवा. म्हणून 'र्हास' हे ह्रासपेक्षा पण वाईट, ते संस्कृत पण नाही, मराठी पण नाही.

जुना_फळा
उत्तम सांगितलंत. रफारवाला र्ह मराठीत येतो तो अर्हता, गर्हणीय, अंतर्हित असल्या शब्दांत, सगळे संस्कृत, सगळीकडे मागे स्वर आहे आणि त्यावर जोर पडतो.

तुम्ही वृत्ताचं काढलंत म्हणून एक सांगायचा मोह होतोय. संस्कृतात जोडाक्षराच्या आधीचा लघू गुरू होतो, हा नियम पक्का. पण छंदशास्त्रात दोन जोडाक्षरांना सवलत दिलीय, प्र आणि ह्र. त्यांच्या आधीचं अक्षर कवीनं हवं तर लघू ठेवावं. उदाहरण नेहमी माघाच्या शिशुपालवधातलं देतात, 'नाभिह्रद' हा शब्द. वृत्त स्वागता, गण लावून बघितले तर 'भि' लघूच पाहिजे, गुरू धरला तर ओळ मोडते. म्हणजे ह्र पुढे असून भि वर जोर पडत नाही. तुम्ही आत्ता वऱ्हाडातल्या व बद्दल जे म्हणालात तेच.

गझलवेडा_सोलापूर
सर!! म्हणजे तेव्हाच ह्र चा उच्चार थोडा हलका होत होता म्हणायचं का? आपल्या ऱ्ह सारखा?

जुना_फळा
तसं म्हणायचा मोह होतो, पण प्र ला पण सवलत आहे आणि प्र चा उच्चार तर काही फिरलेला नाही. त्यामुळे यावरनं ऱ्ह सिद्ध होत नाही. कवींची सोय एवढंच धरलं तरी चालतं.

किल्ली_आणि_कागद
रफाराचं अजून एक कारण आहे जे लेखकाच्या हातात नसतं. माझ्याकडे एक पुस्तिका आली होती, त्यात सगळीकडे र्हास, वर्हाड, तर्हा. लेखक म्हणाले मी बरोबर टाइप केलंय. आणि खरंच केलं होतं. आडवा र काढायच्या दोन पद्धती आहेत युनिकोडमध्ये. एक ऱ घेऊन, दुसरी साधा र घेऊन त्याच्या हलन्तापुढे एक न दिसणारी खूण टाकून, तिला जोडक म्हणा. दिसायला दोन्ही सारखे. पण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना काही सॉफ्टवेअर ती न दिसणारी खूण कचरा समजून काढून टाकतात, आणि मग र वर जाऊन बसतो. आतलं असं असतं बघा:

```
ऱ्हास   U+0931 U+094D U+0939 U+093E U+0938
र्‍हास   U+0930 U+094D U+200D U+0939 U+093E U+0938
र्हास   U+0930 U+094D U+0939 U+093E U+0938
ह्रास   U+0939 U+094D U+0930 U+093E U+0938
```

दुसऱ्या ओळीतलं 200D गेलं की तिसरी ओळ तयार. ओळखायचं कसं? फाइलमध्ये शोधा मध्ये पहिल्या पद्धतीनं ऱ्हास टाइप करून शोधा. डोळ्याला शब्द दिसतोय पण सापडत नाही म्हणजे तो दुसऱ्या पद्धतीचा आहे. मी आता काम हातात घेतल्यावर पहिल्यांदा दुसरी पद्धत शोधून सगळी पहिलीत बदलून टाकतो, मग पुढे कुठंही चिकटवा, र हलत नाही. एक सांभाळायचं, र आणि ह ला सरसकट बदलायचं नाही, नाहीतर अर्हता पण अऱ्हता होऊन बसते. माझं झालेलं आहे तसं एका गिऱ्हाइकाच्या नोकरीच्या जाहिरातीत, छापायच्या आधी दिसलं म्हणून बरं.

खराखुरा_पंढरी
पण तो ऱ तर तमिळ-मलयाळमसाठी दिलेलं अक्षर आहे असं वाचलंय मी. मराठीत वापरायचंच कशाला?

किल्ली_आणि_कागद
अर्धं बरोबर. पूर्ण ऱ हा द्रविड भाषांतला र देवनागरीत दाखवायला ठेवलाय, पण त्याचाच अर्धा भाग म्हणजे आपला आडवा र असं युनिकोडच्या तक्त्यातच त्या अक्षराखाली लिहिलंय. मराठीत पूर्ण ऱ आपण लिहीतच नाही, नेहमी हलन्त लावूनच येतो. तेव्हा बिनधास्त वापरा.

हृताची_आई
सर माझं राहिलं…

जुना_फळा
माफ करा ताई, विसरलो नव्हतो. हृता मध्ये जोडाक्षरच नाही. ह ला ऋ चा स्वर लागलाय, जसा क ला लागून कृपा होतं, त ला लागून तृण होतं. खाली जी चिमटी दिसते ती र नाही, ती मात्रा आहे. म्हणून हृदय, सुहृद, हृषीकेश, अपहृत, हे सगळे हृ. तिथं ऱ्हु लिहायचं नाही, आपण बोलताना कितीही ऱ्हुदय म्हणालो तरी. तुमच्या तीन कागदांपैकी एकही बरोबर नाही. दुरुस्तीचा अर्ज देताना नुसतं 'चुकीचं आहे' न लिहिता 'ह ला ऋकार, हृदय शब्दाप्रमाणे' असं लिहून द्या. काउंटरवरच्याला हृदय शब्द टाइप करता येतो, त्यातला पहिला तुकडा तुमच्या मुलीचा.

किल्ली_आणि_कागद
इन्स्क्रिप्टमध्ये u मारून लगेच = चं बटण. हलन्त लागत नाही. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून बघा, ह्र मध्ये ह च्या पोटात तिरकी रेघ असते, हृ मध्ये पोटाशी छोटा आकडा अडकवल्यासारखा असतो. छोट्या टाइपात दोन्ही सारखे दिसतात, तिथंच घोळ होतो.

हृताची_आई
हे कोणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी जाते, हृदय लिहूनच नेते.

पूर्वभाग_वाचक
सर एक शंका. परवा रूपाभवानीला गेलो होतो, तिथं एकांच्या हातातल्या पोथीत मंत्र होता, ह्रीं. म्हणताना सगळे 'ऱ्हीम्' म्हणत होते. तुमच्या हिशेबानं मराठीत ते 'ऱ्हीं' लिहायला पाहिजे. पण तसं छापलेलं मी आयुष्यात बघितलं नाही.

जुना_फळा
नाहीच बघणार. बीजमंत्र हा मराठी शब्द म्हणून आलाच नाही, तो संस्कृत म्हणूनच छापला जातो, ह मग र. शब्द आणि मंत्र वेगळे धरायचे.

खराखुरा_पंढरी
मग तेच मी म्हणतोय, तोंडातनं एकच निघतं आणि लिहायचे तीन प्रकार. ऱ्हास र नं, ह्रीं ह नं, आणि ब्रह्म बोलायचं एक लिहायचं एक. पोरांना शिकवायचं कसं हे?

गझलवेडा_सोलापूर
पंढरीभाऊंचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मला पण प्रश्न पडतो की संस्कृतातला ह्रद, म्हणजे डोह, कोणी मराठी कवितेत वापरला तर काय लिहायचं. ऱ्हद लिहिलं तर कोणाला कळणार नाही, ह्रद लिहिलं तर ऱ्हासाशी मेळ बसत नाही.

जुना_फळा
मी ह्रद लिहीन. तो शब्द मराठीत रुळलेला नाही, म्हणून मुळाप्रमाणे. पण कोणी ऱ्हद लिहिलं तर मी लाल पेन चालवणार नाही, कारण मेळाचा तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

मुलांना शिकवताना मी शब्दकोश हातात द्यायचो. ऱ्हास र च्या पानांत शेवटाकडे बघायचा, ह्रास ह च्या पानांत. दोन वेगळ्या ठिकाणी शोधायला लागलं की क्रम डोक्यात बसतो, आणि परदेशी नावं पण त्याच र मध्ये सापडतात, ऱ्हाइन नदी, ऱ्होडेशिया.

नान्नजवाट
प्रूफ आलं परत. 'माळरानाचा ऱ्हास', र आडवा, रफार नाही. पण खालच्या ओळीत त्यानं 'वाऱ्यावर डोलणारं गवत' चं 'वार्यावर' करून ठेवलंय. हे पण तेच ना?

किल्ली_आणि_कागद
तेच. वरचा शब्द त्यानं नवीन टाइप केला आणि खालचा परिच्छेद तुमच्या मेसेजमधनं चिकटवला असणार, खूण गळाली. त्याला सांगा J d / असं मारून तेवढं अक्षर परत घाल. आणि सगळा मजकूर एकदा र साठी वरनं खाली बघून घ्या, 'साऱ्या', 'दुसऱ्या', 'पुरवणाऱ्या' असले शब्द असतील तर तिथं पण गेलं असेल.

नान्नजवाट
'पसरणाऱ्या' पण गेलंय, आणि 'बऱ्याच'. पाठवतो त्याला यादी करून.